व्हीएव्ही डक्टचा स्टॅटिक प्रेशर रीसेट: पंख्याची वीज वाचवायची रीत, पायरी पायरीने

मध्यम आकाराच्या एखाद्या ऑफिस इमारतीचा बीएमएस उघडा. बाहेर फार ऊन नाही असा दिवस निवडा आणि एका एएचयूवरच्या सगळ्या व्हीएव्ही बॉक्सची डॅम्पर पोझिशन एकाखाली एक लावून बघा. ३५ टक्के, ४०, २८, ४४, ३१. एकही डॅम्पर अर्ध्याच्या पुढे उघडलेला नाही. आणि पंखा मात्र मुख्य डक्टमध्ये ३७५ पास्कल इमानेइतबारे टिकवून धरतोय. पंखा वीज खर्चून दाब तयार करतो आणि तो दाब प्रत्येक बॉक्स आपला डॅम्पर मिटून मारून टाकतो. असा पडदा दिसला की त्या एएचयूवर वाचवण्यासारखी वीज आहे, हे समजायला ऊर्जा ऑडिटची गरज नाही.

हा ३७५ आकडा म्हणजे डक्टच्या दाबाचा सेटपॉइंट, दीड इंच पाणी. इमारत सुरू होताना सगळ्यांना पुरेल असा म्हणून तो कुणीतरी घातलेला असतो. तो सर्वांत कडक उन्हाळ्याच्या, सर्व खोल्या भरलेल्या दिवसासाठी असतो. असे तास वर्षात मोजकेच येतात. उरलेल्या तासांत इमारतीला याहून बराच कमी दाब पुरतो, पण आकडा तिथेच राहतो.

आधी हिशोब

समजा, एएचयूचा डिझाइन फ्लो ५ घनमीटर प्रति सेकंद आणि पंख्याचा एकूण दाब १००० पास्कल आहे. त्यातले ६२५ पास्कल फिल्टर, कॉइल आणि डक्ट प्रेशर सेन्सरपर्यंतच्या डक्टमध्ये खर्च होतात. उरलेले ३७५ पास्कल सेन्सरच्या पुढच्या भागासाठी लागतात. पंखा, मोटर आणि व्हीएफडी यांची मिळून कार्यक्षमता ५५ टक्के धरू. पूर्ण भाराला वीज लागते ५ × १००० ÷ ०.५५, म्हणजे साधारण ९.१ किलोवॅट.

आता फ्लो ६० टक्क्यांवर, म्हणजे ३ घनमीटरवर आला. सेन्सरच्या अलीकडचा दाबखर्च फ्लोच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणून ६२५ चे २२५ होतात. सेटपॉइंट जागचा हलला नाही तर त्यात ३७५ मिळवा: ६०० पास्कल आणि सुमारे ३.३ किलोवॅट. सेटपॉइंट १५० वर आणता आला तर ३७५ पास्कल आणि सुमारे २ किलोवॅट. एवढ्याने ३७ टक्के वीज कमी झाली. फ्लो ४० टक्क्यांवर गेला आणि सेटपॉइंट १०० वर आला, तर पंख्याचा दाब ४७५ ऐवजी २०० पास्कल होतो आणि विजेचा खर्च निम्म्याच्याही खाली येतो.

‘व्हीएफडी बसवली आहे ना, मग वेगाच्या घनाप्रमाणे वीज वाचतेच की’ असं पुष्कळ जण म्हणतात. घनाचा नियम तेव्हाच लागू पडतो जेव्हा फ्लो कमी होताना लागणारा सगळा दाब वर्गाने उतरतो. स्थिर सेटपॉइंट त्या दाबाचा एक मोठा तुकडा गोठवून ठेवतो, आणि कमी फ्लोवर पंख्याला त्याच्या सर्ज भागाकडे ढकलतो. वरच्या हिशोबात कार्यक्षमता सगळीकडे सारखी धरली आहे. प्रत्यक्षात हलक्या भारावर मोटर आणि व्हीएफडीची कार्यक्षमता घसरते, म्हणून किलोवॅटचे आकडे अंदाज म्हणूनच घ्या.

पायरी १: बॉक्स या कामाला लायक आहेत का

रीसेटचं तत्त्व एका वाक्यात मावतं: ज्या झोनला सर्वांत जास्त दाब हवा, त्याच्यापुरताच दाब द्या. अ‍ॅश्रे ९०.१ या मानकातही हेच अपेक्षित आहे. जिथे झोनचे बॉक्स डीडीसीवर असून मध्यवर्ती पॅनेलला माहिती देतात, तिथे सर्वांत गरजू झोनचा डॅम्पर जवळजवळ पूर्ण उघडेपर्यंत सेटपॉइंट खाली आणायचा.

त्यासाठी प्रत्येक बॉक्सकडून तीन गोष्टी बीएमएसवर यायला हव्यात: डॅम्पर पोझिशन, मोजलेला फ्लो आणि फ्लोचा सेटपॉइंट. बॉक्स प्रेशर इंडिपेंडंट हवेत, म्हणजे डक्टमधला दाब बदलला तरी आपला फ्लो स्वतः सांभाळणारे. फ्लो न मोजणारे जुने प्रेशर डिपेंडंट बॉक्स असतील तर दाब हलला की खोलीतली हवाही हलते, आणि तक्रारी सुरू होतात. तिथे हा लेख बाजूला ठेवा.

आणखी एक तपासणी पाच मिनिटांची आहे, पण हमखास राहून जाते. पंखा बंद करून डक्ट प्रेशर सेन्सर किती दाखवतो ते बघा. शून्य दिसायला हवं. ० ते १२५० पास्कल रेंजच्या, १ टक्का अचूकतेच्या सेन्सरची चूक १२.५ पास्कलपर्यंत जाऊ शकते. सेटपॉइंट ३७५ असताना त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण तो ४० वर उतरला की जवळजवळ एक तृतीयांश चूक झाली. कमी रेंजचा सेन्सर बसवा, किंवा किमान मर्यादा त्या मानाने वर ठेवा.

पायरी २: कमाल आणि किमान मर्यादा ठरवा

कमाल मर्यादा ड्रॉइंगवरून उचलू नका, मोजून काढा. सर्व बॉक्सना त्यांच्या कमाल कूलिंग फ्लोची आज्ञा द्या. एएचयू एका वेळी तेवढी हवा देऊ शकत नसेल, तर पंख्याजवळचे काही बॉक्स मिटवून एकूण फ्लो डिझाइनइतका करा. दूरचे मात्र पूर्ण मागणीवरच ठेवा. मग पंख्याचा वेग हळूहळू कमी करत जा. कुठल्या तरी एका बॉक्सचा डॅम्पर पूर्ण उघडेल आणि त्याचा फ्लो जेमतेम सेटपॉइंटला टेकलेला असेल. त्या क्षणी सेन्सरवर दिसणारा दाब ही कमाल मर्यादा. अनेकदा ३७५ ऐवजी २५० किंवा २८० निघतात, म्हणजे रीसेट सुरू होण्याआधीच थोडी बचत पदरात पडलेली असते. तो बॉक्स कोणता हेही लिहून ठेवा, हट्टी झोन शोधताना ती नोंद कामी येईल.

किमान मर्यादेसाठी अ‍ॅश्रे गाइडलाइन ३६ मध्ये २५ पास्कल दिले आहेत. वरची सेन्सरची अडचण असेल तर ४० किंवा ५० पासून सुरुवात केलेली बरी.

पायरी ३: बॉक्सची मागणी मोजा

सर्वांत उघड्या डॅम्परला ९० टक्क्यांवर धरून ठेवणारा एक पीआयडी लूप लावायचा, ही जुनी पद्धत. कागदावर ती नीटस दिसते. पण तिच्यात एकच बिघडलेला बॉक्स सगळ्या एएचयूचा मालक होतो, आणि डॅम्पर हलायला लागणाऱ्या वेळामुळे लूप डोलत राहतो. म्हणून मी ट्रिम अँड रिस्पॉन्ड हीच पद्धत वापरायला सांगेन. गाइडलाइन ३६ मध्येही तीच आहे.

यात प्रत्येक बॉक्स दाबासाठी ०, १, २ किंवा ३ रिक्वेस्ट पाठवतो. डॅम्पर ९५ टक्क्यांच्या वर गेला की एक रिक्वेस्ट, आणि तो ८५ च्या खाली येईपर्यंत ती चालू राहते. डॅम्पर ९५ च्या वर आहे आणि तरीही मोजलेला फ्लो सेटपॉइंटच्या ७० टक्क्यांहून कमी आहे, अशी स्थिती मिनिटभर टिकली तर दोन रिक्वेस्ट. फ्लो ५० टक्क्यांच्याही खाली असेल तर तीन. बाकी वेळी शून्य.

इथे खोलीचं तापमान विचारातच घेतलेलं नाही, हे लक्षात घ्या. खोली गरम असेल पण बॉक्सला मागितलेली हवा मिळत असेल, तर दाब वाढवून काहीही साधणार नाही. तो प्रश्न सप्लाय एअरच्या तापमानाचा आहे आणि त्याचा रीसेट वेगळ्या रिक्वेस्टवर चालतो. दोन्ही रीसेट एकाच सिग्नलवर बांधले की ते एकमेकांचं काम बिघडवतात.

पायरी ४: लॉजिक

प्रोग्राम खरोखर एवढाच आहे:

```
every 2 min, if fan ON > 10 min:
    R  = sum(request[i] * importance[i])
    SP = SP - 12
    if R > 2:
        SP = SP + min(15 * (R - 2), 32)
    SP = max(SPmin, min(SP, SPmax))
if fan OFF: SP = 120
```

आकडे पास्कलमध्ये आणि गाइडलाइन ३६ मधले सुरुवातीचे आहेत. `importance` म्हणजे त्या बॉक्सच्या रिक्वेस्टला बेरजेत दिलेलं वजन. पंखा सुरू होताना सेटपॉइंट १२० असतो आणि पहिली दहा मिनिटं त्याला कुणी हात लावत नाही. नंतर दर दोन मिनिटांनी तो १२ पास्कलने उतरतो. पहिल्या दोन रिक्वेस्ट सोडून द्यायच्या. त्यापुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला १५ पास्कल, पण एका खेपेला ३२ हून जास्त नाही.

एका दुपारची चाल बघू. सेटपॉइंट २५० वर आहे. रिक्वेस्ट ०, म्हणून २३८. पुढच्या खेपेला १ रिक्वेस्ट, पण ती सोडलेल्यांत जाते: २२६. मग २ रिक्वेस्ट, तरीही २१४. पुन्हा २ आणि २०२. आता कॉन्फरन्स रूम भरली आणि एकदम ५ रिक्वेस्ट आल्या. ३ × १५ म्हणजे ४५, पण मर्यादा ३२ ची. त्यातून ट्रिमचे १२ गेले, म्हणजे निव्वळ २० वाढून २२२. पुढे ३ रिक्वेस्ट: १५ वजा १२, म्हणजे २२५. मग १ रिक्वेस्ट आणि २१३. दाब असा २०० ते २२५ च्या दरम्यान तरंगत राहतो. या घडीच्या इमारतीला तेवढाच हवा आहे.

खाली येणं संथ आणि वर जाणं वेगात, हे मुद्दाम ठेवलेलं आहे. २५० वरून २५ पर्यंत उतरायला सुमारे ३८ मिनिटं लागतात, चढायला जास्तीत जास्त वेगाने २३ च्या आसपास. चढायला उशीर झाला तर लोकांना जाणवतो, उतरायला उशीर झाला तर फक्त थोडी वीज जाते.

एका एएचयूवर सहाच बॉक्स असतील तर दोन रिक्वेस्ट सोडणं जास्त होईल, तिथे एक पुरे. साठ बॉक्स असतील तर चार-पाच सोडता येतात. ज्या बॉक्सचा संपर्क तुटला आहे त्याची शेवटची जुनी रिक्वेस्ट बेरजेत राहू देऊ नका, नाहीतर न दिसणारा एक बॉक्स महिनोन्‌महिने दाब मागत बसतो. आणि डक्टचा हाय स्टॅटिक कटआउट आहे तसाच, हार्डवायर्ड राहू द्या. रीसेटचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पायरी ५: हट्टी झोन शोधा

लॉजिक दुपारभरात लिहून होतं. खरं काम इथून सुरू होतं. रीसेट चालू करून आठवड्याने पाहिलं तर बहुतेक ठिकाणी सेटपॉइंट कमाल मर्यादेला चिकटलेला सापडतो. त्यावर ‘या इमारतीत रीसेट चालत नाही’ असा शेरा मारून तो बंदही केला जातो. खरं तर त्या क्षणी रीसेटने इमारतीतला एक जुना दोष बोट दाखवून सांगितलेला असतो. जास्त दाबाखाली तो इतके दिवस झाकला गेला होता.

दोषी बॉक्स शोधण्यासाठी प्रत्येक बॉक्सच्या रिक्वेस्ट-तासांची नोंद ठेवा: रिक्वेस्टची संख्या गुणिले ती किती वेळ होती. त्याला झोनच्या चालू तासांनी भागून टक्के काढा आणि यादी उतरत्या क्रमाने लावा. गाइडलाइन ३६ प्रमाणे ४० हून जास्त रिक्वेस्ट-तास जमले आणि टक्केवारी ७० च्या वर गेली की अलार्म द्यायचा. यादीत बहुतेक बॉक्स एक-दोन टक्क्यांवर असतात आणि वरचे दोन-तीन दोनशेच्या घरात.

समजा, २४ बॉक्सच्या एएचयूवर १७ नंबरचा बॉक्स सगळ्यात वर आहे. डॅम्पर १०० टक्के, फ्लोचा सेटपॉइंट ३०० लिटर प्रति सेकंद, मोजलेला फ्लो १९०. म्हणजे ६३ टक्के, म्हणून कायमच्या दोन रिक्वेस्ट. सोडून द्यायच्या दोन याच्यातच खपल्या. आता दुसऱ्या कुठल्याही बॉक्सने एक जरी रिक्वेस्ट पाठवली तरी दर खेपेला सेटपॉइंट ३ पास्कलने वर सरकतो. असे एकेक मागणारे पाळीपाळीने येत राहिले की दुपारपर्यंत तो कमालीला पोहोचतो.

शिडी घेऊन छतात शिरण्याआधी बीएमएसवरूनच एक चाचणी करा. बॉक्सचा डॅम्पर १०० टक्क्यांवर ओव्हरराइड करा आणि डक्टचा सेटपॉइंट आधी १५० वर, मग ३०० वर धरा. डॅम्पर न हलता दाब दुप्पट झाला तर फ्लो दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे, म्हणजे १.४१ पट व्हायला हवा. १९० चे सुमारे २६८.

फ्लो तसा वाढला, तर सेन्सर ठीक आहे आणि हवेच्या वाटेत अडथळा आहे: चेपलेला फ्लेक्झिबल डक्ट, अर्धवट मिटलेला फायर डॅम्पर, धुळीने माखलेली रीहीट कॉइल, नाहीतर मुळातच लहान घेतलेला बॉक्स. फ्लो जागचा हललाच नाही, तर संशय फ्लो सेन्सरच्या नळ्यांवर घ्या. एखादी निसटलेली, चिमटलेली किंवा कचऱ्याने बुजलेली असते. मग सेटपॉइंट स्थिर ठेवून डॅम्पर १०० वरून ५० वर आणा. सेन्सर ठीक असूनही फ्लो बदलला नाही, तर अ‍ॅक्च्युएटर फिरतोय पण त्याचा क्लॅम्प दांड्यावर ढिला झाला आहे आणि पातं एकाच जागी अडकलं आहे. पडद्यावर दिसणारे १०० टक्के हे अ‍ॅक्च्युएटरचे असतात, पात्याचे नव्हे.

आपल्या बॉक्सने १९० वरून २६६ दाखवले, म्हणजे अडथळा. छताचं टाइल काढल्यावर दिसतं की नंतर टाकलेल्या केबल ट्रेने बॉक्सच्या आधीचा फ्लेक्झिबल डक्ट एका बाजूने दाबून चपटा केला आहे. डक्ट वरच्या अंगाने वळवून ताणून बसवला की १५० पास्कललाच बॉक्सला पुरेशी हवा मिळते आणि डॅम्पर ८० टक्क्यांच्या खाली येतो. सबंध एएचयूचा दाब त्या एका चपट्या तुकड्यापायी चढलेला होता.

काही दोष यंत्राचे नसतात. कुणीतरी थर्मोस्टॅट १८ वर नेऊन ठेवलेला असतो, त्याच्या खालीच प्रिंटर असतो, किंवा साध्या ऑफिससाठी निवडलेल्या बॉक्सवर आता सर्व्हरचं रॅक उभं असतं. थर्मोस्टॅटच्या सेटपॉइंटला वर-खाली मर्यादा घाला, प्रिंटर सरकवा. सर्व्हरला मात्र वेगळं कूलिंगच द्यावं लागतं; एका रॅकसाठी चोवीस तास मोठा पंखा फिरवणं परवडत नाही.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर त्या बॉक्सचं `importance` शून्य करा. रिक्वेस्ट बेरजेतून निघते आणि बाकीची इमारत मोकळी होते. पण शून्य केल्याची तारीख आणि कारण लिहून ठेवा. नाहीतर वर्षभराने त्या खोलीची तक्रार येते आणि रीसेट सगळं ठीक आहे म्हणत असतो.

पायरी ६: दाब डोलत असेल तर

सेटपॉइंटचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसणं स्वाभाविक आहे. पद्धतच तशी आहे. चिंता तेव्हा करा, जेव्हा मोजलेला दाब सेटपॉइंटच्या भोवती मोठ्या लाटा मारतो किंवा पंख्याचा आवाज चढतो-उतरतो. आधी रीसेट थांबवून सेटपॉइंट एका आकड्यावर धरा. लाटा तशाच राहिल्या तर दोष पंख्याच्या पीआयडी लूपचा आहे आणि तो आधी मंद करायला हवा. पुष्कळदा तो ३७५ पास्कलवर जुळवलेला असतो आणि १०० वर अति चपळ ठरतो. लाटा थांबल्या तर रीसेटच घाईत आहे: दोन मिनिटांची खेप तीन किंवा चार करा, नाहीतर १५ चे १० करा. दोन्हीकडे एकदम हात घातलात तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

बचत झाली का, हे कसं बघायचं

महिन्याचं बिल इथे कामाचं नाही, कारण हवामान आणि माणसांची संख्या दोन्ही बदलत असतात. व्हीएफडीवरून पंख्याचे किलोवॅट आणि एएचयूचा एकूण फ्लो दर १५ मिनिटांनी नोंदवा. एक आठवडा रीसेट चालू, एक आठवडा जुना स्थिर सेटपॉइंट, असं दोन-तीनदा आलटून पालटून करा. मग आडव्या अक्षावर फ्लो आणि उभ्यावर किलोवॅट घेऊन ठिपके मांडा. दोन वेगळे पट्टे दिसायला हवेत: पूर्ण फ्लोजवळ एकमेकांना चिकटलेले आणि डावीकडे, कमी फ्लोवर, एकमेकांपासून दूर गेलेले. डावीकडेही चिकटलेलेच असतील तर कुठल्या तरी हट्टी झोनने दाब वर धरून ठेवला आहे. इमारत जवळजवळ नेहमी ९० टक्के फ्लोवरच चालत असेल तर वाचवण्यासारखं तिथे मुळात थोडंच होतं.

सप्लाय एअरचं तापमान वाढवण्याचा रीसेटही चालू असेल तर या आलेखावर नजर ठेवा. हवा कमी थंड आली की तेवढ्याच गारव्यासाठी बॉक्स जास्त फ्लो मागतात. चिलरची वीज वाचते आणि पंख्याची चढते. उष्ण दुपारी ठिपके उजवीकडे सरकताना दिसले तर त्या तासांत तापमान खालीच ठेवलेलं फायद्याचं असतं.

सेटपॉइंट सलग तीन-चार तास कमाल मर्यादेवर राहिला तर अलार्म येईल अशी सोय करा. आणि मजल्यावर नवी पार्टिशन उभी राहिली किंवा कुणी भाडेकरू बदलला, की त्या महिन्यात रिक्वेस्ट-तासांची यादी पुन्हा उघडा.